‘डिस्लेक्सिया मोड’ सुरू केला, पण मराठीत नेमकं बदललं काय?

माझी भाची चौथीत आहे आणि तिला डिस्लेक्सिया आहे. ती गोष्टी वाचते त्या ॲपला मध्यंतरी एक अपडेट आला आणि सेटिंगमध्ये ‘डिस्लेक्सिया मोड’ नावाचं नवं बटण दिसू लागलं. ताईने ते लगेच सुरू केलं आणि मला फोन केला. “चालू केलंय रे, पण मला तर काहीच फरक दिसत नाही. तू जरा बघतोस का?”

बघितलं. मराठी गोष्ट जशीच्या तशी होती. बदललं होतं ते फक्त खालचं ‘Next’ बटण आणि ‘Page 3’ हे दोन शब्द. तेवढेच वेगळ्या, बुडाशी जाड अशा अक्षरांत आले होते. बटण बिघडलेलं नव्हतं. ते सांगितलेलं काम बरोबर करत होतं, फक्त त्या कामाचा मराठी वाचणाऱ्या मुलीला काही उपयोग नव्हता.

असे मोड आता बऱ्याच ॲपमध्ये येताहेत, आणि त्याला कारणही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतांचा समावेश आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. तो खटला ऑनलाइन केवायसीबद्दल होता, मुलांच्या गोष्टींबद्दल नव्हे, पण ॲप बनवणाऱ्यांना आता ‘आम्ही काहीतरी केलंय’ हे दाखवायचं आहे. आणि दाखवायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे फॉन्ट. म्हणून हा मोड पानावर नक्की काय करतो, ते आपणच तपासायला शिकलेलं बरं.

फॉन्टपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात

डिस्लेक्सियासाठी म्हणून बनवलेले दोन फॉन्ट जास्त माहीत आहेत. क्रिस्टियान बूर या डच डिझायनरचा ‘डिस्लेक्सी’ २००८ चा, आणि अबेलार्दो गोन्झालेझ यांचा मोफत मिळणारा ‘ओपनडिस्लेक्सिक’ २०११ चा. दोन्हींची कल्पना साधारण सारखी आहे. अक्षराचं बूड जाड केलं की ते जागेवर ‘बसतं’, आणि b-d किंवा p-q उलटसुलट वाटत नाहीत. ऐकायला पटतं. पण डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, हा समजच मुळात चुकीचा आहे. मुख्य अडचण असते ती अक्षर पाहून त्याचा आवाज पटकन आठवण्याची आणि आवाज जोडून शब्द बनवण्याची.

फॉन्टच्या चाचण्याही झाल्या आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेत ओपनडिस्लेक्सिकची एरियल आणि टाइम्स न्यू रोमनशी तुलना केली, तेव्हा मुलांचा वेग वाढला नाही आणि चुकाही कमी झाल्या नाहीत. २०१८ मध्ये डिस्लेक्सी फॉन्टच्या अभ्यासातही तेच निघालं. पण माझ्या मते सगळ्यात कामाचा अभ्यास २०१६ चा आहे. त्यात वाचनात मागे असलेली ३९ मुलं होती. डिस्लेक्सी फॉन्टमध्ये ती एरियलपेक्षा मिनिटाला ७ टक्के जास्त शब्द वाचत होती. मग संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. एरियलमधल्या अक्षरांतलं आणि शब्दांतलं अंतर वाढवून डिस्लेक्सीइतकं केलं. लगेच तो फरक नाहीसा झाला. म्हणजे फायदा अक्षरांच्या खास आकाराचा नव्हताच, तो त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा होता.

आता भाचीच्या ॲपकडे परत येऊ. ओपनडिस्लेक्सिकमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. फोनला एखाद्या फॉन्टमध्ये हवं ते अक्षर सापडलं नाही, की तो गुपचूप स्वतःचा नेहमीचा फॉन्ट वापरतो. म्हणून मराठी मजकूर जागचा हलला नाही आणि फक्त ‘Next’ बदललं. ही तपासणी तुम्ही दहा सेकंदांत करू शकता. मोड चालू-बंद करा आणि इंग्रजी शब्दाऐवजी मराठी शब्दाकडे बघा. वेबसाइट असेल आणि कॉम्प्युटर हाताशी असेल, तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये Computed या भागात सगळ्यात खाली Rendered Fonts दिसतं. वर कोडमध्ये काहीही लिहिलेलं असो, प्रत्यक्ष कुठला फॉन्ट वापरला गेला ते तिथे कळतं.

मग मराठीसाठी फॉन्ट निवडताना बघायचं काय? खास नावाचा फॉन्ट शोधण्यापेक्षा काही जोड्या तपासा. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’, ‘ख’ आणि ‘रव’. ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक करणारी गोष्ट म्हणजे ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेषेत असलेली छोटीशी फट. फॉन्ट जाड आणि आकार लहान असेल, तर ती फट बुजते आणि मुलाला ‘धर’ आणि ‘घर’ यांत अंदाज बांधावा लागतो. ‘ब’च्या पोटातल्या तिरक्या रेघेचंही तसंच. मी ‘धर घर भर मर थर यर बर वर’ असं एका ओळीत टाइप करून फोन हातभर लांब धरून बघतो. जिथे मला थांबावं लागतं, तिथे मूल अडणारच. मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट साध्या वजनात वापरले तर या परीक्षेत माझ्या मते ठीक उतरतात. तेच खूप जाड वजनात वापरले, तर उतरतील याची खात्री देता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ शिकवतात. राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयातही हीच रूपं आहेत. काही फॉन्टमध्ये मात्र हिंदी वळणाची रूपं आधी येतात, आणि पानावर `lang="mr"` लिहिलं असेल तरच मराठी रूपं दिसतात. ज्या मुलाने मोठ्या कष्टाने ‘ल’ ओळखायला शिकलंय, त्याच्यासमोर दुसराच ‘ल’ ठेवण्यात काही अर्थ नाही.

अंतर: इथे इंग्रजीचा नियम जसाच्या तसा चालत नाही

अंतराबद्दलचा सगळ्यात गाजलेला प्रयोग २०१२ चा आहे. इटली आणि फ्रान्समधल्या, डिस्लेक्सिया असलेल्या ७४ मुलांना १४ पॉइंटचा मजकूर दिला. एकदा नेहमीसारखा, आणि एकदा अक्षरांमधलं अंतर २.५ पॉइंटनी वाढवलेला. कसलाही सराव न देता मुलांचा वेग २० टक्क्यांहून जास्त वाढला आणि चुका निम्म्यावर आल्या. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत फायदा इतका मोठा दिसला नाही. त्यामागचं कारण असं सांगतात: एखादं अक्षर एकटं असलं की ओळखू येतं, पण आजूबाजूला दाटीने अक्षरं असली की तेच अक्षर गर्दीत हरवतं. ही गर्दी सगळ्यांनाच थोडी जाणवते, पण डिस्लेक्सिया असलेल्या बऱ्याच मुलांना जास्त.

मग मराठीतही अक्षरं लांब-लांब ठेवली की झालं? इथेच घोटाळा होतो. आपली अक्षरं सुटी नसतात, ती शिरोरेषेला टांगलेली असतात. ‘पाऊस’ हा एक शब्द आहे हे मुलाला कळतं कारण वरची रेघ सलग आहे. रेघ तुटली की शब्द संपला. वेबपानावर `letter-spacing` वाढवलं, की फोन प्रत्येक अक्षरगटानंतर रिकामी जागा टाकतो आणि शिरोरेषेचे तुकडे होतात.

आकड्यांत बघू. अक्षर २० पिक्सेलचं आहे असं धरा. मराठी फॉन्टमध्ये दोन शब्दांमधली जागा साधारण त्याच्या पाव भाग असते, म्हणजे ५ पिक्सेल. इंग्रजीच्या हिशेबाने अक्षरांमधलं अंतर १२ टक्के वाढवलं तर प्रत्येक अक्षरामागे २.४ पिक्सेलची फट पडते. ती शब्दांमधल्या नेहमीच्या जागेच्या जवळपास निम्मी झाली. आता मुलाला ‘ही फट शब्दातली की शब्दानंतरची?’ हा एक जास्तीचा प्रश्न सोडवावा लागतो. ज्याला आधीच कष्ट पडताहेत, त्याच्या डोक्यावर आपण आणखी एक काम ठेवलं.

हा १२ टक्क्यांचा आकडा येतो तो वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीतून. २०१८ पासून त्यात १.४.१२ हा नियम आहे आणि तो फार चुकीचा वाचला जातो. ‘एवढं अंतर ठेवा’ असं तो सांगत नाहीच. वाचणाऱ्याने स्वतः ओळींचं अंतर दीडपट, अक्षरांचं ०.१२ पट, शब्दांचं ०.१६ पट आणि परिच्छेदांचं दुप्पट केलं, तर तुमचं पान मोडू नये आणि मजकूर कापला जाऊ नये, एवढंच तो मागतो. शिवाय ज्या भाषांच्या लिपीत यातला एखादा गुणधर्म वापरलाच जात नाही, त्यांना तेवढ्यापुरती सूटही दिली आहे. म्हणजे मराठीची शिरोरेषा तोडून ‘आम्ही नियम पाळला’ असं म्हणायची काही गरज नाही.

मग मराठीत मोकळी जागा आणायची कुठून? तीन ठिकाणांहून. पहिलं, अक्षरच मोठं करायचं. त्याने अक्षराच्या पोटातली, मात्रांमधली, काना आणि अक्षर यांच्यातली सगळीच जागा वाढते आणि रेघही अखंड राहते. दुसरं, शब्दांमधलं अंतर वाढवायचं. रेघ मुळातच तिथे तुटलेली असते, त्यामुळे नुकसान काही नाही. तिसरं आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दुर्लक्षित, ओळींमधलं अंतर.

इंग्रजी अक्षरांना वर-खाली फारसं काही चिकटलेलं नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, ‘ट्र’सारख्या अक्षरांचा पसारा, शिवाय ‘द्ध’, ‘ट्ट’ अशी उभी जोडाक्षरं. ओळीचं अंतर १.२ पट असेल, तर वरच्या ओळीतल्या ‘तू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘र्की’च्या रफाराला जवळजवळ टेकतो. इंग्रजीत दीडपट पुरेसं मानतात. मराठीत मी १.७ ते १.८ पासून सुरुवात करेन. फार वाढवूनही चालत नाही. दोन ओळींमधली जागा परिच्छेदांमधल्या जागेइतकी दिसायला लागली, की प्रत्येक ओळ हा वेगळाच मजकूर वाटतो.

भाचीच्या बाबतीत खरी अडचण मला इथे सापडली. ती एक ओळ संपवून पुढे जायची आणि मधेच थांबून विचारायची, “मामा, ही ओळ मी वाचली ना?” ती तीच ओळ दुसऱ्यांदा वाचत होती. असं वारंवार होत असेल तर फॉन्ट बदलून काही मिळणार नाही. नजर ओळीच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीकडे परतताना चुकते आहे, हे त्याचं लक्षण आहे.

उजवी कडा सरळ नको

या परतीच्या प्रवासाशी तिसरी गोष्ट जोडलेली आहे. छापील पुस्तकासारखं दिसावं म्हणून बरीच ॲप मजकूर दोन्ही कडांना सरळ लावतात. कोडमध्ये त्याला `justify` म्हणतात. फोनच्या अरुंद पडद्यावर मराठीत हे सगळ्यात वाईट दिसतं, कारण आपले शब्द लांब असतात. इंग्रजीत ‘for those who wait’ असे चार तुकडे होतील तिथे आपण ‘थांबणाऱ्यांसाठी’ असा एकच शब्द लिहितो. सगळे प्रत्यय शेपटीसारखे शब्दालाच लागतात.

भाचीच्या गोष्टीतल्यासारखीच एक ओळ घेऊ. फोनचा पडदा ३६० पिक्सेल रुंद, दोन्ही बाजूंना २४ ची मोकळी जागा, म्हणजे ओळीला ३१२ उरले. अक्षर २० पिक्सेलचं. ओळ अशी: ‘संध्याकाळपर्यंत बैलगाडीवाल्याची वाट’, आणि पुढचा शब्द ‘पाहणाऱ्यांसाठी’. पहिले तीन शब्द मिळून साधारण २२० पिक्सेल घेतात, मधल्या दोन जागा ५-५ च्या, म्हणजे एकूण २३०. उरले ८२. चौथा शब्द त्याहून थोडा मोठा आहे, म्हणून तो खालच्या ओळीत जातो. आता उजवी कडा सरळ करायची तर हे ८२ पिक्सेल कुठेतरी खपवायला हवेत. ते दोन जागांत वाटले जातात, ४१-४१. म्हणजे दोन शब्दांमधली जागा ५ वरून ४६ झाली, नेहमीच्या नऊपट. पुढच्या ओळीत कदाचित चार छोटे शब्द असतील आणि तिथे ती ७ असेल.

मुलाच्या डोळ्यांना प्रत्येक ओळीत वेगळ्याच लांबीची उडी मारावी लागते. अशा मोठ्या फटी एकाखाली एक आल्या, की पानावर वरून खाली पांढरे ओहोळ दिसतात आणि नजर ओळ सोडून त्यांच्यावरून घसरते. ओळखायचं कसं? फोन उलटा धरा आणि डोळे किलकिले करून पानाकडे बघा. अक्षरं वाचता येत नाहीत तेव्हा हे ओहोळ स्पष्ट दिसतात.

डावी कडा सरळ आणि उजवी ओबडधोबड ठेवली, तर हे सगळं थांबतं. शब्दांमधली जागा सगळीकडे सारखी राहते. शिवाय प्रत्येक ओळ वेगळ्या ठिकाणी संपल्यामुळे कडेला एक आकार तयार होतो, आणि ‘मी त्या आखूड ओळीच्या खालच्या ओळीवर होते’ अशी खूण नजरेला मिळते. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शिकेतही मजकूर डावीकडे लावा, उजवी कडा सरळ करू नका असंच सांगितलंय.

ओबडधोबड कडेचेही दोन सापळे आहेत. एक म्हणजे कडा फार खडबडीत दिसते म्हणून शब्द मधेच जोडरेघ देऊन तोडणं. ‘बैलगाडीवा-’ इथे ओळ संपली आणि ‘ल्याची’ खाली गेलं, तर अर्धा आवाज डोक्यात धरून ओळ बदलायची. याच मुलांना नेमकं ते जड जातं. दुसरा सापळा जास्त फसवा आहे. मुलांची पुस्तकं करणारे बरेच जण अर्थाप्रमाणे ओळी हाताने तोडतात. ‘बैलगाडी आली’ एका ओळीत, ‘आणि चिंचेखाली थांबली’ दुसऱ्या. छापील पुस्तकात हे उत्तम. पण फोनवर कुणी अक्षर मोठं केलं, की प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द आपोआप खाली पडतो आणि त्यानंतर हाताने दिलेला तोड येतो. परिणामी लांब ओळ, एक शब्द, लांब ओळ, एक शब्द अशी करवत तयार होते. अक्षर दुप्पट करून बघितल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून तपासणीत ते करून बघाच.

ओळ किती लांब असावी यावर फार भांडत बसण्याची गरज नाही. फोनवर ती आपोआप आखूड असते, आणि ते चांगलंच आहे. २०१३ च्या एका अभ्यासात डिस्लेक्सिया असलेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना छोट्या पडद्यावरच्या आखूड ओळी सोप्या गेल्या होत्या. टॅबलेट आडवा धरून वाचताना मात्र ओळ फार लांबते. तिथे तो उभा धरा.

मग आम्ही काय बदललं

ॲपमधला मोड बंद केला. ‘Aa’ बटणाखाली अक्षराचा आकार, ओळींचं अंतर आणि मजकूर डावीकडे लावण्याचा पर्याय होताच, फक्त तो कुणी बघितला नव्हता. ॲप बनवणाऱ्यांना ईमेलही केला. कुणी स्वतःचं मराठी गोष्टींचं पान बनवत असेल, तर त्यात मी सुचवलेलं एवढंच आहे:

```css
.goshta {
  font-size: 1.25rem;
  line-height: 1.8;
  letter-spacing: normal;
  word-spacing: 0.16em;
  text-align: left;
  hyphens: manual;
}
```

यातला कुठलाही आकडा दगडावरची रेघ नाही. मुलागणिक बदलेल, म्हणून आकार आणि ओळींचं अंतर मुलाला स्वतः बदलता यायला हवं. आणि गोष्ट चित्र म्हणून टाकलेली असेल तर यातलं काहीच चालणार नाही. शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला जात नसेल, तर ते चित्र असू शकतं. चित्र झूम केलं तर ओळीच पडद्याबाहेर जातात.

फरक पडला का, हे बघायची पद्धत साधी ठेवली. ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं तर मुलं आपल्याला बरं वाटेल तेच सांगतात, आणि तोच उतारा दोनदा वाचला तर दुसऱ्यांदा सोपा जाणारच. म्हणून एकाच पुस्तकातली सारख्या लांबीची, न वाचलेली पानं घेतली. एक दिवस जुनी मांडणी, एक दिवस नवी. मी कागदावर दोनच गोष्टींच्या खुणा केल्या: किती शब्द चुकले आणि किती वेळा ओळ सुटली. दहा मिनिटांपेक्षा जास्त कधीच नाही.

दोन आठवड्यांत ओळ सुटणं जवळजवळ थांबलं. चुकणारे शब्द थोडे कमी झाले. वाचायचा वेग मला तरी बदललेला दिसला नाही, आणि ‘ध्य’-‘द्य’वर ती अजून तशीच अडते. ते मांडणीचं काम नाही, ते तिच्या बाईंसोबत आठवड्यातून तीनदा चालणाऱ्या आवाज जोडण्याच्या सरावाचं काम आहे. ॲपवाल्यांचं उत्तरही आलं. त्यांनी विचारलंय की मराठीत चालेल असा एखादा डिस्लेक्सिया फॉन्ट मी सुचवू शकतो का.